मेलेल्या शेतकऱ्याचा कांदा आणि पुढचा भाग

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर मी हिशेब लिहिते आणि आठवड्यातून दोनदा एका रहस्यकथेचा भाग नेटवर टाकते. दुसरं काम पहिल्यातूनच निघालं. शेतकऱ्याचा माल विकला की त्याच्या नावाने हिशेबपट्टी निघते. किती गोणी, किती वजन, काय भाव, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा आणि सगळ्यात खाली शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम. अशा पट्ट्या लिहिता लिहिता एकदा मनात आलं, ज्याच्या नावाने पट्टी निघतेय तो माणूस दोन वर्षांपूर्वीच वारला असेल तर? कथेला एवढं पुरे होतं. नंदा नावाची मुलगी गाळ्यावर नवीन लागते आणि तिच्या लक्षात येतं, की मेलेल्या माणसाच्या नावाने दर मंगळवारी कांदा येतोय.

आता ही गोष्ट एका बैठकीत सांगायची असती तर प्रश्न नव्हता. पण ती भागाभागांत सांगायची होती, आणि वाचणाऱ्या बहुतेक जणी माझ्यासारख्याच, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने कामाला जाणाऱ्या. त्यामुळे भाग केवढा असावा हे गाडीनेच ठरवलं. ठाणे ते तुर्भे वीस-पंचवीस मिनिटं. त्यातली पहिली काही मिनिटं जागा मिळवण्यात, ओळखीच्यांशी बोलण्यात आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडण्यात जातात. ऐरोली-रबाळे आलं की डबा जरा मोकळा होतो, मग कुठे वाचायला हात मोकळे होतात. हातात खरी दहा मिनिटं राहतात. मी मोठ्याने नाही, पण सावकाश वाचून घड्याळ लावलं. बाराशे ते चौदाशे शब्द त्यात बसतात. दोन हजारांचा भाग झाला की वाचणारी मध्येच उतरते, आणि मग माझा शेवट जिथे आहे तिथे न होता कोपरखैरणे स्टेशनवर होतो.

शेवट कुठे करायचा, हेच या सगळ्यातलं मुख्य काम. त्यासाठी चौथ्या भागाचंच उदाहरण देते, कारण त्याचे मी तीन शेवट लिहिले होते.

भागात घडतं ते असं. नंदा पहाटे मार्केटला येते, कारण मंगळवारची ती गाडी तिला स्वतः बघायची आहे. गाडी येते, माल उतरतो, ड्रायव्हर पावती देतो. पावतीवर सहीच्या जागी जे अक्षर आहे ते नंदाच्या वडिलांचं आहे, आणि वडील घरी सांगतात की मार्केटशी आपला संबंध कधीच सुटला. मग शेठ पावती मागतात, आणि नंदा ती डब्याच्या पिशवीत सरकवून म्हणते, "आज पावती आलीच नाही."

पहिल्या खर्ड्यात मी भाग फार आधीच तोडला होता. नंदा गाडीच्या मागे उभी आहे, अंधार आहे, ताडपत्री आतून हलते. संपला भाग. पुढच्या भागाच्या सुरुवातीला कळणार होतं, की आत क्लीनर झोपला होता. वर्षाताई रोज माझ्याबरोबर ठाण्याला चढतात, सानपाड्याला उतरतात आणि भाग टाकण्याआधी वाचून देतात. त्यांना पुढे काय ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, म्हणजे मी चार दिवस थांबायचं आणि निघणार कोण, तर क्लीनर? पुढच्या वेळी ताडपत्री हलली तर मी मान पण वर करणार नाही."

हे अगदी खरं आहे. खोटी भीती दाखवून थांबवलं तर वाचक एकदा परत येतो, पण तुमच्या पुढच्या दहा शेवटांची किंमत घसरते. भीती खरी असली तरी या जातीच्या शेवटाची एक अडचण राहतेच. नायिका संकटात आहे आणि गोष्टीचे अजून पंधरा-वीस भाग बाकी आहेत, हे वाचणाऱ्यालाही कळतं. ती मरणार नाही, हे तिला गाडीतून उतरेपर्यंत सुचलेलं असतं. रोज भाग येत असेल तर हा शेवट चालतो, कारण विचार करायला वेळच मिळत नाही. चार दिवसांच्या अंतरात तो निवतो.

दुसरा शेवट मी सहीवर केला. "ते अक्षर तिच्या ओळखीचं होतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी तेच असायचं." हा पहिल्यापेक्षा पुष्कळ बरा. इथे जे कळायचं ते कळून चुकलं आहे. लपवलेलं काही नाही. वाचणारीला काम मिळतं ते त्याचा अर्थ लावण्याचं. वडील यात सामील आहेत का? त्यांची सही कुणी मारतंय का? की ते कुणाला वाचवतायत? असे तीन-चार तर्क करता येतात, आणि तर्क करणारा माणूस गोष्ट विसरत नाही. भाकरी भाजतानाही त्याच्या मनात ते चालू राहतं.

तिसरा शेवट "आज पावती आलीच नाही" या वाक्यावर. शेवटी मी हाच ठेवला. दुसऱ्या शेवटातली सही यात आहेच, फक्त ती आता भागाच्या दोन तृतीयांशावर आली. तिच्यावर नंदाने एक निर्णय घेतला आणि तो निर्णय परत फिरवता येण्यासारखा नाही. शेठ संध्याकाळी गोण्यांचा हिशेब जुळवतील तेव्हा काय होईल, हा प्रश्न वाचणारी घेऊन जाते. शिवाय वडिलांचा प्रश्न तिच्याकडे आहेच. निर्णय झाला आहे, परिणाम यायचा आहे, त्या फटीत भाग तोडला. तेव्हापासून शेवट अडला की मी भागातला निर्णय शोधते. सापडला नाही तर बहुतेक वेळा भागात कुणी काही ठरवलेलंच नसतं, नुसत्या गोष्टी घडत गेलेल्या असतात. मग शेवट न दुरुस्त करता भागच परत लिहावा लागतो.

शेवट जमला की नाही, हे लगेच विचारून कळत नाही. गाडीत वाचून झाल्या झाल्या प्रत्येक जण "छान" म्हणतं. म्हणून वर्षाताईंना मी भाग मंगळवारी देते आणि शुक्रवारी विचारते, "पुढे काय होईल वाटतं?" त्यांनी उलट मलाच काही विचारलं, की "अगं, तिच्या बापाला माहीत तरी आहे का?" तर शेवट टिकला. त्यांनी बरोबर उत्तर दिलं तर मी फार उघडं लिहिलंय. चुकीचं उत्तर ठामपणे दिलं तर सगळ्यात उत्तम. आणि "कुठे होतो आपण?" असं म्हणाल्या, की तो भाग मी परत उघडते.

पुढच्या भागाची सुरुवात या शेवटाला बांधलेली असते. पाचवा भाग मी संध्याकाळच्या हिशेबापासूनच सुरू केला. शेठ गोण्या मोजतायत आणि एक गाडी जास्त भरतेय. अशा वेळी नंदाचं बालपण सांगायला बसले असते तर वाचणारीने ते पान वर सरकवून पुढे शोधलं असतं. अर्थात प्रत्येक वेळी लगेच उत्तर द्यावंच लागतं असंही नाही. अर्थाचा प्रश्न असेल, म्हणजे सहीसारखा, तर मध्ये एखादा भाग दुसऱ्या माणसाबरोबर काढता येतो. तर्क करायला तेवढा वेळ मिळतो. पण कुणी पकडलं जाण्याच्या बेतात असेल तर नाही. तिथे आडवाट घेतली की वाचणारीला फसवल्यासारखं वाटतं.

सुरुवातीची आणखी एक किरकोळ वाटणारी पण फार उपयोगी गोष्ट. चार दिवसांनी नावं कुणालाच आठवत नाहीत. "मागील भागात" म्हणून वर सारांश टाकला तर लोक तो वाचत नाहीत, आणि वाचला तर गोष्टीत शिरायला उशीर होतो. म्हणून प्रत्येक भागात माणूस पहिल्यांदा आला की त्याच्याबरोबर त्याची खूण येते. गणपतकाका म्हटलं की कानाला लावलेलं पेन, ड्रायव्हर म्हटलं की अर्धी बाही फाटलेला खाकी शर्ट. सगळी कादंबरी सलग वाचणाऱ्याला हे थोडं जास्त वाटेल. ते मी चालवून घेते. पुढे कधी सलग छापायची झाली तर खुणा कमी करणं हे दोन दुपारचं काम आहे.

हिशेबाची सवय इथेही कामी आली. किराणावाल्याकडे उधारीची वही असते तशी मी प्रश्नांची वही ठेवली आहे. चार रकाने: प्रश्न काय, कुठल्या भागात उघडला, कुठल्या भागापर्यंत चुकता करायचा आणि प्रत्यक्षात कधी केला. मेलेल्या शेतकऱ्याच्या नावाने कांदा कोण पाठवतं, ही मोठी उधारी, शेवटपर्यंतची. वडिलांची सही, ही मधली, चौथ्यात उघडून अकराव्यात फेडायची. शेठला चोरी कळेल का, ही छोटी, एक-दोन भागांची. एका वेळी यांपेक्षा जास्त उघडी ठेवली की वाचणारीच्या डोक्यात गर्दी होते आणि मग तिला कशाचीच ओढ उरत नाही. प्रत्येक भागाने निदान एक छोटी तरी फेडलीच पाहिजे. नुसते प्रश्न वाढवत नेणाऱ्या मालिका आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्यात; सहा महिन्यांनी सासूच्या कपाटातली चावी कशाची होती हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

वहीतला तिसरा रकाना महत्त्वाचा. फेडण्याचा भाग आधी लिहून ठेवला की थकबाकी दिसते. नवव्या भागाला आले तेव्हा वहीत दिसलं, की ड्रायव्हरने दुसऱ्या भागात "साहेबांना विचारून सांगतो" म्हटलं होतं आणि हे साहेब कोण, याचा मी पुढे उल्लेखच केला नव्हता. वाचणाऱ्या विसरल्या असतील म्हणून सोडून देता येत नाही. ज्या विसरत नाहीत त्याच शेवटपर्यंत राहतात.

लोक परत येण्यामागे फक्त शेवटच असतो असंही नाही, हे मला आजच्या भावामुळे कळलं. प्रत्येक भागाच्या डोक्यावर मी कथेतल्या त्या दिवसाचा कांद्याचा भाव देते, किलोला अमुक रुपये, इतक्या गाड्या आवक. सुरुवातीला ते नुसतं वातावरण होतं. गृहिणी भाव बघतातच, आपल्या घरच्या कांद्याशी ताडून पाहतात. मग मी त्यालाच कामाला लावलं. मेलेल्या शेतकऱ्याच्या पट्टीत कांद्याला लागलेला भाव दर वेळी त्या दिवसाच्या भावापेक्षा दोन रुपयांनी जास्त असतो. हे कथेत कुणीच बोलत नाही; पट्टी दिसते आणि भाव वर लिहिलेला असतो, इतकंच. सातव्या भागापर्यंत दोघी-तिघींनी ते पकडलं. त्या नंतर भाग उघडला की आधी वरचा भाव बघायच्या. अशी एक ठरलेली जागा असली की शांत भागालाही, ज्यात विशेष काही घडत नाही, यायला कारण राहतं.

आता वेळापत्रक. रोज भाग टाकायचा मोह मला झाला नाही, कारण नोकरी करून रोज चौदाशे शब्द लिहिणं आणि तपासणं मला झेपणार नव्हतं. आठवड्यातून एकदा, ही जुनी रीत. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून कादंबऱ्या क्रमशः दिल्या, तेव्हा आठवडाभराचं अंतर चालायचं. पण तेव्हा मागचा अंक घरातच पडलेला असे, हाताला लागे, दुसरं कुणी वाचत बसलेलं दिसे. फोनवर मागचा भाग कुठेतरी खाली गेलेला असतो आणि त्यावर आठवड्याभरात शेकडो गोष्टी येऊन बसतात. म्हणून मंगळवार आणि शुक्रवार. अंतर तीन आणि चार दिवसांचं. कथेतली गाडी मंगळवारी येते, त्यामुळे मंगळवार लक्षातही राहतो. भाग सकाळी साडेसातला टाकते, म्हणजे आठच्या गाड्यांमध्ये तो ताजा असतो. रविवार टाळते. मेगाब्लॉक असो नसो, त्या दिवशी गाडीत वाचणारी बाई घरी असते आणि घरात तिला दहा मिनिटं सलग कुणी बसू देत नाही.

हे वेळापत्रक पाळायचं तर शिल्लक हवी. पहिला भाग टाकला तेव्हा माझ्याकडे सहा भाग तयार होते. याचा खरा फायदा आजारपणात वगैरे होतोच, पण त्याहून मोठा लिहिण्यात होतो. दहाव्या भागात मला गाळ्याच्या माळ्यावर एक कुलूपबंद पेटी हवी होती. शिल्लक होती म्हणून सहाव्या भागात, जो अजून टाकलाच नव्हता, गणपतकाकांना मी त्या माळ्यावर चहाचे कप ठेवायला चढवलं आणि पेटीला त्यांचा पाय लागू दिला. लिहीन तसं टाकत गेले असते तर पेटी दहाव्या भागात आभाळातून पडली असती. शिल्लक तीन भागांच्या खाली गेली की मी आठवड्याला एकच भाग करते आणि तसं आधी सांगते. मार्चमध्ये वर्षअखेरीच्या हिशेबात हे होणारच असतं. न सांगता एक मंगळवार चुकवण्यापेक्षा सांगून दोन आठवडे संथ जाणं लोक सहज मान्य करतात.

गणपतीत दहा दिवस मी भाग देत नाही. त्याआधीचा भाग मुद्दाम मिटलेला ठेवला. तोपर्यंतची मधली उधारी, वडिलांची सही, त्यातच फेडली. नंदा आणि वडील कळव्याच्या घरी समोरासमोर बसतात आणि वडील सगळं सांगतात. टांगलेला प्रश्न चार दिवस चुटपुट लावतो, दहा दिवस टांगला तर वैताग आणतो. मोठी उधारी शिल्लक होतीच, तिच्यासाठी लोक परत आले.

कोण परत येतंय ते आकड्यांतून कळतं, पण आकडे कुणाचा दोष दाखवतात हे समजून घ्यायला लागतं. पहिल्या भागावरून दुसऱ्याला जी घसरण होते ती नेहमीच मोठी असते. सहज डोकावलेले लोक गळतात, त्यातून फारसं काही शिकता येत नाही. तिसऱ्यापासून पुढे बघायचं. समजा सहावा भाग दोनशे जणींनी उघडला आणि सातवा दीडशेंनी. पहिला विचार येतो की सातवा पडला. पण त्या पन्नास जणींनी सातवा वाचलेलाच नाही, मग तो वाईट आहे हे त्यांना कसं कळणार? दुरुस्त करायचा तो सहावा. माझ्या सहाव्यात हेच झालं होतं. पेटीला पाय लागतो तो प्रसंग मध्ये होता आणि शेवटी नंदा दमून घरी जाऊन झोपते. झोपण्यावर भाग संपला, की वाचणारीही गोष्ट मिटून ठेवते. तो टाकून झाला होता, बदलून उपयोग नव्हता. मी एवढंच केलं की त्यापुढच्या शिल्लक भागांपैकी जिथे दिवस संपल्यावर भाग संपत होता, तिथे शेवटचा परिच्छेद काढून टाकला. दोन ठिकाणी काढलेला परिच्छेद पुढच्या भागालाही लागला नाही.

शेवटाकडे येताना हे नियम जरा उलटे होतात. तीन चतुर्थांश कथा झाल्यावर मी नवा प्रश्न उघडत नाही, वहीत फक्त चौथा रकाना भरत जाते. मग भागांचे शेवट साहजिकच मऊ पडतात, आणि तसंच टाकत राहिलं तर ऐन शेवटी लोक गळतात. म्हणून अंतर कमी केलं. शेवटचे तीन भाग सलग बुधवार, गुरुवार, शुक्रवार टाकले. रोज येणाऱ्या भागाला आदल्या दिवशीचा साधा धागाही पुरतो. इथे अंधारात ताडपत्री हललेली चालली असती. कांदा कोण पाठवत होतं ते मी अगदी शेवटच्या भागापर्यंत न ठेवता त्याच्या आधीच्या भागात सांगितलं, कारण ते कळल्यावर नंदा पट्टीवर सही करते की नाही, हा निर्णय मला शेवटी हवा होता. ती करते. कुणाच्या नावाने, ते शुक्रवारी सकाळी साडेसातला आलं, आणि वर्षाताई त्या दिवशी सानपाड्याला उतरायच्या राहिल्या.